मोळी की झाड?

‘बनगरवाडी’ ही कादंबरी आहे की नाही, हा वाद आमच्याकडे मी पुष्कळ वेळा ऐकला. व्यंकटेश माडगूळकरांचं हे पुस्तक 1955 साली आलं. पानं थोडी आहेत, दोन बैठकांत वाचून होतं. वाचून झालं की माणूस खूश असतो. पण जरा शिकलेला असला की खाली ठेवता ठेवता म्हणतो, “छान आहे, पण यात गोष्ट कुठंय?” आमच्या ओळखीचे एक निवृत्त सर आहेत. त्यांचं मत तर ठाम आहे. ते म्हणतात, “ही कादंबरी नव्हं, ही मोळी हाय. काड्या चांगल्या हायेत, वाळल्याल्या, सरळ. पण वरून दोरी बांधली म्हणून झाड व्हत नसतं.”

सरांचं म्हणणं वाऱ्यावर सोडण्यासारखं नाही. पुस्तक खरंच प्रसंगाप्रसंगाने चालतं. राजाराम विठ्ठल सौंदणीकर नावाचा एक तरुण मास्तर औंध संस्थानातल्या एका धनगरवाडीवर नेमणूक घेऊन येतो. शाळा नावाला आहे, पोरं नाहीत. कारभाऱ्याच्या मदतीने तो शाळा भरवतो. मग एकेक माणूस येतं आणि एकेक भानगड घडते. आयबू येतो, आनंदा रामोशी येतो, शेकू येतो, कारभाऱ्याची पोरगी अंजी येते, दादू बालट्या आडवा येतो. वाडी मिळून तालीम बांधते, राजेसाहेब ती बघायला येतात. नंतर कारभारी जातो, पाऊस पडत नाही, वाडी उठते, आणि मास्तरही निघून जातो. यात एखादं कारस्थान नाही, लग्न जमणं-मोडणं नाही, खून आणि त्याचा तपास नाही. एका प्रसंगाने दुसरा प्रसंग जन्माला घातला असं दर वेळी दाखवता येत नाही.

मग हे पुस्तक एक आहे हे कशावरून म्हणायचं? ‘आवडलं’ म्हणून भागत नाही. आवडायला मोळीही आवडते. मी दहावीपर्यंत शिकलेला माणूस आहे, टीकेची पुस्तकं फार वाचली नाहीत. पण एक जिन्नस सलग आहे की जोडलेला आहे, हे आमच्या धंद्यात रोज बघावं लागतं. बैल घेताना चारी पाय, शेपूट, दात वेगवेगळे बघतात, आणि शेवटी त्याला चालवून बघतात. चालवल्याशिवाय सौदा नाही. पुस्तकालाही चालवून बघता येतं. त्यासाठी मी एका वहीत सगळे प्रसंग ओळीने लिहून काढले आणि तीन गोष्टी करून बघितल्या. एक, प्रसंग काढून टाकून बघायचा. दुसरी, दोन प्रसंगांची जागा बदलून बघायची. तिसरी, एका प्रसंगातून पुढच्या प्रसंगासाठी काय शिल्लक राहतं ते बघायचं.

या तीन गोष्टी करायला शेजारी दुसरं पुस्तक ठेवलं तर उजेड जास्त पडतो. त्यासाठी माडगूळकरांचंच ‘माणदेशी माणसं’ घ्यावं. ते 1949 सालचं. माती तीच, माणसं त्याच तऱ्हेची, लिहिणारा हात तोच. तिथेही रामोशी आहे, मास्तर आहे, शाळेतलं पोरगं आहे. पण ते व्यक्तिचित्रांचं पुस्तक आहे आणि ते तसंच म्हणवून घेतं. त्यातला ‘धर्मा रामोशी’ काढला तर पुस्तक एका माणसाने गरीब होईल, पण ‘झेल्या’ला त्याचा पत्ताही लागणार नाही. झेल्या आधी वाचला आणि धर्मा नंतर, तरी दोघांचंही काही बिघडत नाही. धर्माचं दारिद्र्य धर्माच्या दारापाशीच संपतं. ते वाचून आपल्या पोटात कालवतं, पण पुढच्या माणसाच्या घरात ते शिरत नाही. सरांची ‘मोळी’ कुठं पाहायची असेल तर ती इथं आहे, आणि तीही उत्तम मोळी आहे. मोळी असणं हा काही गुन्हा नव्हे.

आता ‘बनगरवाडी’तला आनंदा रामोशी घ्या. हाही भुरट्या चोऱ्यांवर पोट जाळणारा, पोटाला चिमटा असलेला माणूस. पण हा एकदा येऊन जात नाही. मास्तरच्या आसपास तो पुन्हा पुन्हा दिसतो. पहिल्यांदा दिसतो तेव्हा आपण त्याच्याकडे संशयाने बघतो, कारण मास्तर परका आहे आणि आपणही मास्तरबरोबर परके आहोत. पुढे मास्तरला वाडीची ओळख पटत जाते तसा आनंदाही बदललेला दिसतो. खरं तर आनंदा तसाच असतो, बघणारा बदललेला असतो. म्हणून आनंदाचे सगळे तुकडे कात्रीने कापून एका ठिकाणी चिकटवले तर एक बरं व्यक्तिचित्र तयार होईल, पण ‘बनगरवाडी’तला आनंदा मरून जाईल. काढून टाकण्याची परीक्षा इथं सरळ उत्तर देते. धर्मा उचलून दुसरीकडे नेता येतो. आनंदा उपटायचा म्हटलं तर मुळांबरोबर माती येते.

अंजीच्या चोळीचा प्रसंग दुसरी परीक्षा करायला चांगला आहे. अंजी मास्तरला चोळी शिवून आणायला सांगते. गोष्ट एवढीशी. पण कारभाऱ्याच्या मनात किंतु येतो. हा प्रसंग उचलून पुस्तकाच्या सुरुवातीला ठेवून बघा. मास्तर नवा आहे, कुणी त्याला ओळखत नाही, आणि कारभाऱ्याची पोरगी त्याच्याकडे चोळीचं काम देते. एक तर ती देणारच नाही. खेड्यातली पोरगी परक्या बाप्याला असलं काम सांगत नसते. आणि दिलंच, तर कारभाऱ्याने संशय घेणं ही साधी, कुठल्याही बापाने करावी अशी गोष्ट होईल. त्यात दुखण्यासारखं काही उरणार नाही. तो प्रसंग दुखतो, कारण तोवर कारभाऱ्यानेच या मास्तरचं बस्तान बसवून दिलेलं असतं. शाळेला पोरं त्याच्या शब्दावर आलेली असतात. म्हणजे विश्वास आधी साठवला आहे आणि मग त्यालाच तडा गेला आहे. प्रसंगांच्या मागं-पुढं असण्याला इथं किंमत आहे. माळेतले मणी असे नसतात, मणी कुठलाही कुठंही ओवला तरी चालतो.

तिसरी परीक्षा मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते, कारण ‘बनगरवाडी’चा जोड तिथं लपलेला आहे. प्रत्येक प्रसंगाच्या शेवटी काय शिल्लक राहतं? मास्तर लोकांची पत्रं वाचतो, अर्ज लिहून देतो, तालुक्याला गेला तर चार जणांची कामं करून येतो. एकेक काम किरकोळ आहे. पण प्रत्येक कामानंतर वाडीचा त्याच्यावरचा हक्क थोडा वाढतो आणि त्याचाही वाडीवर थोडा वाढतो. हे कुठं लिहून ठेवलेलं नाही, लेखकही ते बोलून दाखवत नाही. दुकानदाराच्या खतावणीसारखं ते आतल्या आत चढत जातं. आणि ते सगळं एका ठिकाणी उभं राहतं, ते म्हणजे तालीम. वाडीने आपल्या अंगमेहनतीने इमारत बांधायची, ही गोष्ट पहिल्या महिन्यातल्या मास्तरने सांगितली असती तर लोकांनी त्याला हसून काढलं असतं. ती पुढे घडते, कारण तोपर्यंत ते सगळे किरकोळ प्रसंग होऊन गेलेले असतात. म्हणजे ज्यांना आपण ‘सुटे’ म्हणतो, त्या प्रसंगांवरच तालमीच्या भिंती उभ्या आहेत.

इथं मला एक वेगळी जात दाखवायची आहे. अण्णा भाऊ साठ्यांची ‘फकिरा’ 1959 ची. तिच्यातही पराक्रमामागून पराक्रम आहेत. पण तिची बांधणी साखळीची आहे. राणोजी शिगावच्या जत्रेतून जोगिणी आणतो आणि त्यात मारला जातो. त्याच्या मरणाने वाटेगावावर ऋण चढतं आणि त्याच्या पोराच्या, म्हणजे फकिराच्या, वाट्याला वैर येतं. पुढे दुष्काळात माणसं उपाशी मरायला लागतात म्हणून फकिरा धान्य लुटतो, लुटीमुळं सरकार मागं लागतं, आणि सरकार मागं लागल्यामुळं शेवट येतो. एक कडी काढली की पुढची सगळी साखळी खाली पडते. तिथं नायक मध्येच बदलतो, बाप जातो आणि पोरगा पुढे येतो, तरी कुणी म्हणत नाही की ही दोन पुस्तकं आहेत. कारण दोघांना बांधणारी गोष्ट ठणठणीत आहे.

आमच्या सरांच्या मनात कादंबरी म्हटलं की अशी साखळी असते. ‘बनगरवाडी’त ती शोधायला गेलं तर हात रिकामा परत येतो. पण जमिनीत पाणी एकाच तऱ्हेने जात नसतं. पाटाचं पाणी एका सरीतून दुसऱ्या सरीत जातं, बारं फुटलेलं डोळ्याला दिसतं. पावसाचं पाणी तसं जात नाही. ते सगळीकडे थोडं थोडं मुरतं आणि महिन्याने विहिरीत वर येतं. दोन्हीही पाणीच. ‘फकिरा’ पाटपाण्याची आहे आणि ‘बनगरवाडी’ मुरणाऱ्या पाण्याची. मुरणाऱ्या पाण्याला ‘तुझी सरी दाखव’ म्हणणं बरोबर नाही. मात्र विहिरीला पाणी वाढलं का, हे विचारायचा हक्क आपल्याला आहे. नाही वाढलं तर मुरल्याच्या गप्पा फुकाच्या.

हा तंटा आपल्याकडचाच नाही. स्पेनच्या सर्व्हान्टिसने ‘डॉन किहोते’चा पहिला भाग 1605 साली काढला. एक खुळा सरदार घोड्यावर बसून हिंडतो आणि वाटेत भेटेल त्याच्याशी भिडतो, अशी ती गोष्ट. त्या भागात त्याने नायकाशी काडीचा संबंध नसलेली एक अख्खी दुसरी कथा घुसडली होती. दुसरा भाग 1615 ला आला. त्यात त्याने आपल्याच पात्रांच्या तोंडून ही तक्रार बोलून दाखवली, की ती कथा वाईट नाही, पण जागेवर नाही. मला ही गोष्ट फार आवडते, कारण त्यात नेमका मुद्दा आहे. प्रसंग चांगला असणं वेगळं आणि जागेवर असणं वेगळं. ‘बनगरवाडी’ची तपासणीही याच बोलीवर करायला पाहिजे.

त्या बोलीवर तपासलं तर सगळंच पास होतं असं नाही. शेकूचा प्रसंग मला अडतो. शेकूकडे बैलाची जोडी पुरी नाही, पेरणीचे दिवस निघून चाललेत, आणि त्याची बायको बैलाच्या जोडीला जुवाला खांदा देते. या प्रसंगाइतकं जोरदार पुस्तकात दुसरं काही क्वचितच असेल. ज्याने औत हाकलं आहे त्याला कळतं की हे नुसतं दुःखाचं चित्र नाही. बैलाची चाल आणि माणसाची चाल जुळत नाही. बैल ओढताना मान खाली घालतो, जू एका अंगाला कलतं आणि सगळा भार त्या बाईच्या खांद्यावर येतो. तास सरळ पडायचा म्हटलं तर हाकणाऱ्याने बैलाला दाबून धरायला पाहिजे, म्हणजे नवऱ्याचं लक्ष बायकोपेक्षा बैलाकडे जास्त ठेवावं लागतं. हे सगळं माडगूळकर बोलत नाहीत, पण शेतकऱ्याला ते दिसतं. प्रसंग अस्सल आहे.

पण जागेवर आहे का? काढून टाकण्याची परीक्षा लावली तर तालीम तशीच उभी राहते, कारभारी तसाच रुसतो, वाडी तशीच उठते. त्या प्रसंगापुरता मास्तर बघणारा आहे, करणारा नाही. सरांना मी इथं पाच-सहा आणे देऊन टाकतो. मधल्या भागात असे दोन-तीन प्रसंग आहेत की जे ‘माणदेशी माणसं’त गेले असते तरी परके वाटले नसते. बाकीचे दहा-अकरा आणे मात्र मी देणार नाही. कारण शेकूच्या बायकोचा तो खांदा कथेला पुढे ढकलत नसला तरी वाडी किती काठावर जगते याचं माप तिथंच मिळतं. एक बैल कमी पडला तर जिथं घरातलं माणूस जुंपावं लागतं, तिथं एक पाऊस कमी पडल्यावर काय होईल? हा प्रश्न मनात पेरून तो प्रसंग संपतो. उत्तर शेवटी येतं.

आणि खरा वाद शेवटाचाच आहे. सरांचा सगळ्यांत मोठा आक्षेप असा, की लेखकाला शेवट सुचेना म्हणून त्याने दुष्काळ आणला. नाटकात वरून देव उतरतो आणि सगळ्यांचा निकाल लावतो, तसा हा आभाळातून पडलेला शेवट आहे. सर्वांची गाठ एकदम सोडवायची सोपी युक्ती. हा आक्षेप खरा ठरला तर पुस्तक खरोखर फुटतं, कारण सुट्या प्रसंगांच्या कादंबरीत शेवट हाच मोठा खांब असतो. आधीचे प्रसंग एकमेकांना धरत नसतील तर निदान शेवटाने तरी सगळ्यांना धरायला पाहिजे.

दुष्काळाबाबत मला दोन शब्द बोलायचा अधिकार आहे असं मी समजतो. 1972 ला मी पोरगा होतो, तेव्हाचं खडी फोडायचं काम आणि तांबडी मिलो डोळ्यासमोर आहे. 2012 च्या दुष्काळात आमच्या जालना जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा वाळून गेल्या, पंधरा-पंधरा वर्षांची झाडं लोकांनी तोडून सरपणाला घातली. दुष्काळ कधीच एकदम पडत नाही. आधी कडब्याचा भाव चढतो. मग आठवडी बाजारात जनावरं वाढतात आणि गिऱ्हाईक कमी होतं. मग विहिरीचा उपसा अर्ध्या तासावर येतो. मग घरातलं एखादं माणूस बाहेर जातं आणि शेवटी कुलूप लागतं. प्रत्येक पायरीला माणूस म्हणतो, आता यापुढं नाही. म्हणून दुष्काळ लिहिणारा एका झटक्यात वाडी ओस पाडतो तेव्हा मला शंका येते. ‘बनगरवाडी’तही तो भाग थोडक्यात उरकला आहे. एवढं माझं गाऱ्हाणं आहे. तिथं अजून दहा पानं असती तर मला हवी होती.

पण थोडक्यात असणं वेगळं आणि बाहेरून आणलेलं असणं वेगळं. ही वाडी कुणाची आहे ते बघा. ही कुणब्यांची वाडी असती तर वाडी उठणं ही अघटित गोष्ट झाली असती. कुणबी जमिनीला खिळलेला असतो, तो शेवटी उठतो. ही धनगरांची वाडी आहे. आमच्याकडेही गोदाकाठच्या शिवारात धनगर येतात. रान मोकळं झालं की शेतकरी त्यांच्या मेंढ्या शेतात बसवतो. रात्रभर कळप वावरात बसला की लेंडी-मुताचं खत होतं, आणि त्याबद्दल शेतकरी धान्य किंवा पैसे देतो. चारा सरला की बिऱ्हाड घोड्यावर लादून ते पुढच्या शिवारात. कुठं गेले, कधी येतील, विचारायचं नसतं. धनगराचं घर मेंढीच्या पायाला बांधलेलं आहे. मेंढी जिथं चरेल तिथं घर. म्हणजे निघून जाणं हे या लोकांच्या धंद्यातच आहे. पहिल्या पानापासून ते वाडीत बसलेलं आहे, फक्त आपल्याला दिसत नाही, कारण मास्तर आपल्याला शाळा आणि तालीम दाखवत असतो.

आता परत पुस्तकाकडे बघा म्हणजे त्याची बांधणी दिसायला लागते. मास्तर हा थांबवणारा माणूस आहे. शाळा म्हणजे काय, तर पोराला मेंढरामागं न पाठवता रोज एका जागी बसवणं. तालीम म्हणजे काय, तर फिरत्या लोकांनी दगडमातीची एक न हलणारी वस्तू उभी करणं. आणि मेंढरं काय करतात, तर पाय हलवतात. पुस्तकभर ही ओढाताण चाललेली आहे. प्रत्येक प्रसंगात मास्तर वाडीला थोडी खाली बसवतो आणि प्रत्येक प्रसंगात वाडी थोडी निसटते. दुष्काळाने ही ओढाताण तयार केलेली नाही, दुष्काळाने तिचा फक्त निकाल लावला. राजाने येऊन बघितलेली तालीम जागेवर राहिली आणि ज्यांनी ती बांधली ते निघून गेले. येताना मास्तरला रिकामी शाळा मिळाली होती, जाताना तो रिकामी शाळा सोडून गेला. मधल्या काळात काय झालं, तर एक वाडी भरली. याला मी सलग गोष्ट म्हणतो.

राम देशमुखांनी या पुस्तकाचं इंग्रजी भाषांतर केलं, त्याचं नाव त्यांनी ‘द व्हिलेज हॅड नो वॉल्स’ असं ठेवलं. म्हणजे गावाला भिंती नव्हत्या. मूळ नावात हे नाही, मूळ नाव नुसतं वाडीचं आहे. पण भाषांतर करणाऱ्याने नेमकी नस धरली असं मला वाटतं. ज्या गावाला भिंत नाही तिथं मास्तर शिरू शकतो, आनंदा शिरू शकतो, लांडगा शिरू शकतो आणि गावही सहज बाहेर पडू शकतं.

आणखी एक पुरावा माझ्याजवळ आहे, तो पुस्तकातला नाही. आमच्या शेजारी एक म्हातारे आबा होते, अक्षरशत्रू, पण गोष्टीचे भुकेले. उन्हाळ्यात रात्री अंगणात बाजेवर पडून मी त्यांना पुस्तकं वाचून दाखवायचो. ‘फकिरा’ वाचत होतो तेव्हा दुसऱ्या दिवशी जेवण होता होताच विचारायचे, “पुढं काय झालं फकिराचं? धरला का नाही त्याला?” ‘बनगरवाडी’ वाचायला घेतली तेव्हा प्रश्न बदलला. ते म्हणायचे, “आज वाडीत काय हाय?” मास्तरचं काय झालं असं त्यांनी एकदाही विचारलं नाही. आणि शेवटचा भाग वाचून झाल्यावर बराच वेळ गप राहून म्हणाले, “ह्या शाळेच्या पोरायचं काय झालं आसंल रे बाबा? ज्या त्या रानात मेंढरं वळीत आसतील. मास्तरनं शिकवलेलं ध्येनात राह्यलं आसंल का?”

सरांना मी हे सांगितलं. म्हणलं, “सर, आबांनी एकेका माणसाची चौकशी केली नाही, सगळ्या वाडीची केली. मोळीतल्या काडीची चौकशी करता येते, मोळीची कुणी करीत नाही.” सर म्हणाले, “आबा काय समीक्षक व्हते का?” नव्हते. पण ऐकणाऱ्याच्या मनात पुस्तक एक होऊन बसलं की तुकडे होऊन बसलं, हे ऐकणाराच सांगू शकतो. ज्या पुस्तकाचा नायक एक माणूस नसून एक गाव आहे, ते एकाच माणसाच्या मागं धावत नाही. गाव काही चालत नाही की त्याच्या मागं जावं. गावात बसावं लागतं आणि येईल त्याला बघावं लागतं. म्हणून गावाची कादंबरी प्रसंगाप्रसंगाची होणार. ती तुटक दिसण्याचं कारण लेखकाचा आळस नाही, तर त्याने निवडलेला विषय आहे.

याचा अर्थ ‘गावाची कादंबरी’ म्हटलं की सगळं माफ, असाही नाही. आज ग्रामीण म्हणून जी पुस्तकं येतात त्यांतली पुष्कळ मी वाचतो. त्यांत एक पाटील, एक तमासगीर बाई, एक वेडा, एक भांडखोर म्हातारी अशी माणसं ओळीने उभी असतात. त्यांची जागा बदलली तरी चालतं, एखादं गाळलं तरी चालतं, आणि शेवटी पूर येतो, नाही तर धरण येतं. तिथं सरांचं मोळीचं माप लावावं, ते बरोबर बसेल. पूर येण्याआधी त्या पुस्तकात पाण्याचं काहीच चाललेलं नसतं, म्हणून तो पूर बाहेरचा असतो. ‘बनगरवाडी’त दुष्काळ येण्याआधी चारा, मेंढरू, बैल आणि पोट यांचंच सगळं चाललेलं असतं, म्हणून तो घरातला असतो. शेवट घरचा की बाहेरचा, हे ओळखायची खूण एवढीच.

दर वर्षी दसरा-दिवाळीला आमच्या भागातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. बैलगाडीवर, ट्रॅक्टरवर संसार लादलेला असतो, वर पोरं बसलेली असतात. त्या पोरांच्या शाळेचे पट अर्ध्यावर येतात. आजही मास्तर आहेत, इमारती आहेत, वर्गात बाकं आहेत आणि पोरं दुसऱ्या जिल्ह्यात कोपीवर आहेत. ‘बनगरवाडी’ सत्तर वर्षांपूर्वीची, तिथली मेंढरं, इथला ऊस. पण थांबवणारी शाळा आणि चालवणारं पोट, ही ओढाताण तीच आहे. एखाद्या मास्तरने या पोरांवर कादंबरी लिहायला घेतली तर तिचेही तुकडेच होतील. त्याने त्याला घाबरू नये. वहीत प्रसंग ओळीने लिहावेत, एकेक काढून बघावा, जागा बदलून बघावा, आणि प्रत्येकातून पुढं काय उरतं ते विचारावं. जो प्रसंग या तिन्हींत नापास होईल तो कितीही गोड असला तरी दुसऱ्या पुस्तकासाठी राखून ठेवावा.

सर अजून मोळीच म्हणतात. मी म्हणतो, दोन-तीन काड्या वरून खोवलेल्या आहेत, पण खाली खोड आहे आणि खोडाला मूळ आहे. पुढच्या वेळी वाद निघेल तेव्हा मी शेकूचा प्रसंग सरांच्या पदरात टाकणार आणि तालीम माझ्याकडे ठेवणार.